साप, गाडी आणि तीस सेकंद : एका रेडिओ जाहिरातीच्या नोंदी

२ मे २०२५

काम आलं. रत्नागिरी जिल्ह्यात सर्पदंशावर काम करणारी एक छोटी संस्था आहे. त्यांना पावसाळ्याआधी रेडिओवर तीस सेकंदांची मराठी जाहिरात हवी आहे. पैसे बेताचे. दर दहा सेकंदांवर आकारला जातो, त्यामुळे एकतीसावा सेकंद झाला की चाळीसचं बिल. म्हणजे तीसच्या आत बसणं ही माझी हौस नाही, त्यांच्या खिशाचा प्रश्न आहे.

सचिवांनी दोन पानांचा कागद दिला. त्यावरून संध्याकाळी पहिला खर्डा लिहिला:

"शेतात जाताना बूट घाला. रात्री बॅटरी वापरा. जमिनीवर झोपू नका. साप चावल्यास घाबरू नका. जखम कापू नका, चोखू नका, आवळून बांधू नका. मांत्रिकाकडे जाऊ नका. चावलेला पाय हलवू नका. त्वरित १०८ ला फोन करा."

याच्या पुढे देशात दर वर्षी सर्पदंशाने सुमारे ५८ हजार माणसं दगावतात तो अंदाज, मग संस्थेचं नोंदणीकृत पूर्ण नाव. घरात भिंतीकडे तोंड करून मोठ्याने वाचलं. ४१ सेकंद. शिवाय सात वेळा 'नका'. सगळं खरं आहे आणि लक्षात काहीच राहत नाही. स्वयंपाकघरातून नवऱ्याने विचारलं, "कशाची नोटीस वाचतेयस?" खर्डा तिथेच मेला.

४ मे

आधी हिशेब मांडते, म्हणजे पुढे भांडायला बरं. रेडिओत सगळे सांगतात की तीस सेकंदांत साठ-पासष्ट शब्द. मराठीत हे माप फसवं आहे. 'तो' हाही एक शब्द आणि 'दवाखान्यातल्यासुद्धा' हाही एकच. मी शब्द सोडून अक्षरं मोजते, जोडाक्षर एकच धरून. शांत निवेदन सेकंदाला पाच-सहा अक्षरं जातं. घाबरलेलं माणूस सात-आठपर्यंत पळतं, आणि त्याचं सगळं कळलं नाही तरी चालतं, कारण तिथे शब्दांपेक्षा घाई ऐकू यायला हवी.

तीस सेकंदांतला शेवटचा अर्धा सेकंद रिकामा सोडायचा. आवाज, धांदल, शांतता यांना मिळून सात-आठ सेकंद लागतील. उरले बावीस. म्हणजे साधारण १२० अक्षरं. एवढ्यात एक गोष्ट सांगून होते. दुसरी घुसवली की पहिली पातळ होते.

प्रश्न एवढाच की ती एक गोष्ट कोणती. सचिवांच्या यादीत अकरा होत्या. 'मांत्रिकाकडे जाऊ नका' ही मला सगळ्यात वजनदार वाटली. त्यावर एक खर्डा लिहिला. अंगारा, घंटा, मंत्र पुटपुटणारा आवाज. नाट्य होतं त्यात, लिहिताना मजा आली.

७ मे

चिपळूणजवळच्या एका सरकारी रुग्णालयातल्या डॉक्टरांना भेटले. मंत्राचा खर्डा वाचून दाखवला. त्यांनी ऐकून घेतला आणि मग ड्रॉवरमधून मोबाइल काढून एक फोटो दाखवला: खाटेवर बाई, खाटेखाली प्लास्टिकची पिशवी, पिशवीत ठेचलेला साप.

"मांत्रिक आहेतच," ते म्हणाले, "पण माझ्याकडे जे उशिरा येतात त्यातल्या पुष्कळांनी वेळ घालवलेला असतो तो साप शोधण्यात. कौलं काढतात, लाकडं हलवतात, अर्धी वाडी काठ्या घेऊन उभी. साप बघितल्याशिवाय डॉक्टर इंजेक्शन देणार नाही असं त्यांना वाटतं. मला साप नको हो, पेशंट हवाय."

मग त्यांनी साप का नको ते समजावलं, आणि इथे कामाचा पाया सापडला. आपल्याकडे मिळणारं प्रतिविष चार सापांच्या विषावर एकत्र बनवलेलं असतं: नाग, मण्यार, घोणस, फुरसं. चौघांपैकी कोणीही चावलेलं असलं तरी बाटली तीच. त्यामुळे डॉक्टर सापाकडे न बघता माणसाकडे बघतात. पापण्या जड होऊन मिटायला लागल्या, बोलणं-गिळणं जमेना, तर नाग किंवा मण्यार. घोणस-फुरशाचं विष रक्ताच्या गोठण्यावर जातं, त्यासाठी एक साधी चाचणी आहे: कोरड्या स्वच्छ काचेच्या नळीत दोन मिलिलिटर रक्त घ्यायचं, वीस मिनिटं अजिबात हलवायचं नाही, मग नळी तिरकी करायची. रक्त अजून वाहतंय, तर विष आत गेलेलं आहे. यात साप कुठेच लागत नाही.

आणि मेलेला साप पिशवीत आणणं निरुपद्रवी नसतं. तोडलेलं डोकंही काही वेळ प्रतिक्षिप्त क्रियेने चावू शकतं. म्हणजे पिशवी उघडणारा दुसरा पेशंट.

चापड्याचं विचारलं. बांबूच्या बेटात असतो तो हिरवा. त्याच्यावर हे चौघांचं प्रतिविष लागू पडत नाही, असं ते म्हणाले. पण तेव्हाही जायचं रुग्णालयातच, कारण सूज, रक्तस्राव, वेदना यांवर उपचार तिथेच होतात. म्हणजे 'कुठलाही साप असला तरी चला' हे वाक्य टिकतं. 'कुठलाही साप असला तरी एकच औषध' हे टिकत नाही. दुसरं मी वहीत लिहूनही ठेवलं होतं. खोडलं.

परतीच्या एसटीत, वहीच्या मागच्या पानावर: साप शोधू नका, गाडी शोधा.

८ मे

रात्रभर झोपून उठल्यावरही वाक्य बरं वाटतंय, हे चांगलं लक्षण. का चालतंय ते तपासून बघते.

एक, 'शोधा' हे क्रियापद दोन्हीकडे तेच आहे. वाडीतली माणसं आधीच शोधत असतातच. त्यांना गप्प बसा म्हणून सांगितलं तर ती ऐकणार नाहीत, घाबरलेल्या माणसाला हाताला काम लागतं. वाक्य त्यांची धावपळ थांबवत नाही, तिची दिशा बदलतं. दोन, पहिला भाग सहा अक्षरांचा, दुसरा चार. दुसरा आखूड असल्याने ठोका त्यावर पडतो, आणि कानात शेवटी राहते ती गाडी. 'गाडी शोधा, साप शोधू नका' असं उलटं म्हणून बघितलं. शेवटी साप उरला. नको.

तीन, त्यात 'नका' आहे, आणि पहिल्या खर्ड्यातले सात 'नका' मीच मारले होते. हा एकटा राहिला तर चालेल. बाकी पूर्ण जाहिरातीत दुसरा येता कामा नये, हा नियम वहीत वर लिहून ठेवला.

मंत्राचा खर्डा रद्द. त्यामागे आणखी एक कारण आहे. तो मी काल वाडीतल्या एका आजींना वाचून दाखवला होता. आज त्यांना विचारलं काय आठवतंय. "ते विष उतरवणाऱ्या भगताचं होतं ना काहीतरी?" नको म्हटलेलं निघून गेलं आणि भगत तेवढा राहिला. आपल्याच पैशाने त्याची जाहिरात झाली असती.

१० मे

दुसरा खर्डा. रात्र, पाऊस, बाईला साप चावतो, नवरा आणि शेजारी साप शोधायला धावतात. वळण कोण देणार? आधी निवेदक मध्येच बोलायला लावला होता: "थांबा! ही चूक करू नका!" त्यात पुन्हा नका, शिवाय घरात घुसलेला परका माणूस. मग म्हातारी सासू. तिच्या तोंडी शहाणपण शोभतं, पण प्रत्यक्षात सासूच 'कुठला होता ते बघा आधी' म्हणते, असं डॉक्टरही म्हणाले होते.

शेवटी आठ-नऊ वर्षांची मुलगी. तिला सापाचं काही कळत नाही, तिला आई दिसते. "बाबा, सापाला काय बघता? आईला बघा ना!" सोळा अक्षरं. हे लिहून झाल्यावर बाकीचं आपोआप जागेवर बसलं, कारण आता निवेदकाने समजवायचं फारसं उरलंच नाही.

१३ मे

बैठक. सचिव, दोन सदस्य, डॉक्टर फोनवर. दीड तास.

सचिव म्हणाले, "ताई, बाकीच्या दहा सूचना कुठे गेल्या?" म्हटलं, त्या पोस्टरवर घेऊ, पोस्टरसमोर माणूस उभा राहू शकतो. बूट, बॅटरी, मच्छरदाणी या साप चावण्याआधीच्या गोष्टी आहेत, त्या वेगळ्या जाहिरातीचा विषय. ते नाराज झाले पण सोडल्या.

'पाय हलवू नका' मात्र डॉक्टर सोडेनात. चावलेला अवयव हलला की विष लवकर पसरतं, बाईला चालवत नेणं धोक्याचं. बरोबर आहे. पण निवेदकाच्या तोंडी ते दुसरा संदेश झालं असतं. खूप वेळ घासाघीस. मग सुचलं: ते सांगायचंच नाही, घडताना ऐकवायचं. नवरा म्हणतो, "चालू नको, उचलतो तुला." दहा अक्षरं, गोष्टीच्या आत. ऐकणाऱ्याला सूचना म्हणून कळणार नाही, पण उचलून नेणं हीच रीत म्हणून कानावर पडेल. डॉक्टर खूश. माझा 'नका'चा नियमही शाबूत, 'नको' वेगळं.

त्यांनी दोन शब्द बदलून घेतले. मी 'दवाखाना' लिहिलं होतं. ते म्हणाले, वाडीत दवाखाना म्हणजे बाजारातला खाजगी डॉक्टर. तो जखम धुऊन, टीटी देऊन पुढे पाठवतो, तास जातो. त्यामुळे 'सरकारी दवाखाना'. चार अक्षरं वाढली, पण त्यांच्याशिवाय आख्खी जाहिरात चुकीच्या दारात नेऊन सोडते. 'ग्रामीण रुग्णालय' अचूक असतं, पण बोलताना तसं कुणी म्हणत नाही.

दुसरं, मी 'सापाची लस' लिहिलं होतं. वर्तमानपत्रातही कधीकधी असंच छापतात. ती लस नाही. लस आधी देऊन शरीराला तयार करतात. हे घोड्यांच्या रक्तातून काढलेलं तयार औषध, चावल्यानंतर द्यायचं. 'प्रतिविष' ऐकून समजेल कुणाला? 'इंजेक्शन' ठेवलं. आणि 'जाताच इंजेक्शन मिळेल' असं न म्हणता 'इंजेक्शन सरकारी दवाखान्यात मिळतं' एवढंच. बिनविषारी साप चावला असेल, किंवा विषारी सापाने चावूनही विष सोडलं नसेल, तर इंजेक्शन देत नाहीत, नुसतं लक्ष ठेवतात. 'जाताच मिळेल' ऐकून आलेले नातेवाईक मग नर्सशी भांडतात.

१०८ वरून एका सदस्याशी मतभेद. त्यांना नंबर हवाच. माझं म्हणणं, १०८ लोकांना ठाऊक आहे, आणि 'गाडी शोधा' मध्ये ती येतेच. शिवाय डोंगरातल्या वाडीत शेजारच्याची रिक्षा कधीकधी लवकर निघते. निर्णय माझ्या बाजूने लागला, पण ते मनापासून पटलेले नाहीत. खरं सांगायचं तर मीही पूर्ण निर्धास्त नाही. नंबर पोस्टरवर मोठा.

संस्थेचं पूर्ण नाव वाचायला चार सेकंद लागतात. त्यांच्या बोलीतलं छोटं नाव वापरायला परवानगी मिळाली. आणि तेही शेवटी नाही. आधी नाव, मग शेवटचं वाक्य. सहसा उलटं असतं, आणि म्हणून सहसा लोकांच्या कानात देणगीदाराचं नाव घोळत राहतं.

१७ मे

आवाजांची निवड. नवऱ्याच्या भूमिकेसाठी एक नाटकातला कलाकार आला होता. त्याने अस्सल गाववाल्या हेलात वाचलं, उत्तम वाचलं, आणि खोलीतली सगळी हसली. कोकणी हेल ऐकला की प्रेक्षक विनोदाची वाट बघायला लागतो, इतकी आपल्या रंगभूमीने सवय लावलीय. साप चावलेल्या बाईच्या घरात हसू परवडणार नाही. त्याला सांगितलं, हेल अर्ध्यावर आण, शब्द साधे ठेव. 'बॅटरी', 'कौलं', 'रे' एवढ्यातून कोकण कळतं.

मुलीसाठी बाईने लहान आवाज काढून बघितला. कार्टून. खरी मुलगी हवी. आमच्या ध्वनिमुद्रकाच्या पुतणीने, चौथीतल्या, पहिल्यांदा कविता म्हणतात तसं म्हटलं. मग कागद काढून घेतला आणि तिला सांगितलं की तुझे बाबा मोबाइल बघतायत आणि आई पडलीय. तिसऱ्या वेळेला मिळालं. 'ना' थोडं फाटलंय, ते तसंच ठेवलं.

२१ मे

ध्वनिमुद्रण आज. बाहेर अवकाळी की मान्सूनपूर्व काय म्हणतात तो धो-धो. म्हटलं आयता पाऊस मिळाला, पत्र्याखाली माइक लावला. घरी येऊन ऐकलं तर भजी तळल्यासारखं. पाऊस माइकवर नुसती एकसंध खरखर होतो. कानाला तो पाऊस आहे हे कळण्यासाठी एकेक थेंब वेगळा पडायला हवा. पाऊस ओसरल्यावर पागोळ्यांचं ठिबकणं घेतलं, पत्र्याच्या बादलीत. त्यावर बेडूक. दोन सेकंदांत रात्र, पावसाळा, कौलारू घर, सगळं उभं राहिलं. एकही शब्द खर्च झाला नाही.

रिक्षाचंही तसंच. बटणावर चालू होणारी रिक्षा आधी घेतली, ती मोटरसायकलसारखी वाटते. जुनी, दांडा ओढून चालू करायची एक स्टँडवर सापडली. खर्रर्र, खर्रर्र, मग धडधड. डोळे मिटून कुणालाही विचारा, रिक्षाच म्हणेल. रिक्षावाल्या दादांनी कशासाठी ते विचारलं. सांगितल्यावर म्हणाले, "मी नेलाय एकाला. पण त्याच्या भावाला सापाची शेपटी दिसेपर्यंत निघूच देईनात."

२४ मे

पहिली जोडणी ३१.४ सेकंद. ध्वनिमुद्रक म्हणाला, चिंता नको, सॉफ्टवेअरमध्ये पाच टक्के पळवतो, सूर बदलत नाही. पळवून ऐकलं. सूर खरंच बदलला नाही, पण 'इंजेक्शन'मधला 'क्श' आणि 'दवाखान्यात'मधला 'न्या' चेंगरले. जोडाक्षराला जीभ फिरवायला जो वेळ लागतो तोच यंत्र खातं. नाही म्हटलं. शब्दच काढू.

निवेदकाच्या वाक्याची सुरुवात होती 'साप विषारी असो की बिनविषारी'. तेरा अक्षरं. त्याजागी 'साप कोणताही असो', आठ. एका झटक्यात जवळजवळ सेकंद वाचला, आणि 'विषारी-बिनविषारी' असा भेद आपणच ऐकणाऱ्याच्या डोक्यात घालत होतो तोही गेला. साप ओळखत बसू नका असं सांगणाऱ्या जाहिरातीत सापांचे प्रकार! दोन आठवडे ते माझ्या नजरेतून सुटलं होतं. लांबी भरल्यामुळेच सापडलं.

आणखी एका शेजाऱ्याचं वाक्य काढलं. एवढ्याने २९.८ वर आलो आणि मी फाइल पाठवून दिली. घाई केली.

२७ मे

मान्सून २५ लाच तळकोकणात येऊन थडकला. जाहिरात जूनच्या पहिल्या आठवड्यात लावायची ठरली होती, संस्थेने ती पुढे ओढून आजच सुरू केली. सकाळी सचिवांचा फोन: "ताई, शेवटी 'गाडी शो' एवढंच ऐकू येतंय."

खरंच. 'शोधा'तला 'धा' २९.८ वर संपत होता आणि स्टेशनची यंत्रणा पुढची जाहिरात आधीच्या शेपटीवर किंचित चढवून सुरू करते. आमच्या 'धा'वर कुणाचा तरी मसाला पडत होता. चूक त्यांची म्हणवत नाही. रेडिओवर कुठेही असंच गृहीत धरून शेवट लवकर संपवायचा असतो, आणि चार तारखेला 'शेवटचा अर्धा सेकंद रिकामा' हे मीच लिहून ठेवलंय.

दुसरी गोष्ट मी गाडीत बसून ऐकली तेव्हा लक्षात आली. स्टुडिओच्या स्पीकरवर सगळं स्वच्छ होतं, पण गाडीत 'साप शोधू' पुसट. 'स' आणि 'श' हे सीत्कारी वर्ण, त्यांची सगळी ताकद उंच पट्टीत. पाऊसही नेमका त्याच पट्टीत खरखरतो. शेवटच्या वाक्याखाली मी भावनेपोटी पाऊस वाढवला होता. माझ्या सगळ्यात महत्त्वाच्या दोन शब्दांवर मीच पाणी ओतलं.

२८ मे

दुरुस्ती. निवेदनापासून पाऊस जवळजवळ बंद, फक्त रिक्षाची खालच्या पट्टीतली धडधड, ती 'स-श'च्या आड येत नाही. शेवटच्या वाक्याआधी अर्धा सेकंद मोकळा. वाक्य २८ ला संपतं. नंतर दीड सेकंद रिक्षा दूर जाते, पागोळ्या परत ऐकू येतात. या शेपटीवर कुणीही चढलं तरी नुकसान नाही. जागा करण्यासाठी सुरुवातीचा पाऊस साडेतीनवरून दोनवर आणला.

अंतिम संहिता, सेकंदांसकट:

०–२ : पागोळ्या, बेडूक.
२–४ : बाई : "आई गं! पायाला चावलं काहीतरी!"
४–९ : धावपळ, काठ्या. पुरुष : "साप! काठी आण रे! बॅटरी मार तिकडे!" शेजारी : "कौलांखाली शिरला!" दुसरा : "नाग की मण्यार, बघा आधी!"
९–१२ : मुलगी : "बाबा, सापाला काय बघता? आईला बघा ना!"
१२–१३ : सगळे गप्प. फक्त पागोळ्या.
१३–१६ : पुरुष : "चालू नको, उचलतो तुला. रिक्षा काढ!"
१६–१८ : दांडा ओढल्याचा आवाज, रिक्षा सुरू.
१८–२३ : निवेदिका : "साप कोणताही असो, इंजेक्शन सरकारी दवाखान्यात मिळतं. मोफत."
२३–२५ : संस्थेचं छोटं नाव, 'जनहितार्थ'.
२५.५–२८ : "साप शोधू नका. गाडी शोधा."
२८–२९.५ : रिक्षा दूर जाते.

संस्थेचं नाव धरून १२० अक्षरं. चार तारखेच्या अंदाजाशी तंतोतंत जुळलं, याचं मलाच आश्चर्य. बारा ते तेराचा गप्प सेकंद वाचवून तिथे नंबर घाला, असं १०८ वाले सदस्य आजही म्हणाले. तो सेकंद काढला तर मुलीचं वाक्य बापापर्यंत पोचतच नाही, तो लगेच बोलतो आणि पाठ केल्यासारखं वाटतं.

३ जून

चिपळूणच्या वाडीत त्याच आजींच्या पडवीत नऊ जणांना ऐकवलं, एकदाच, मोबाइलवरून नाही तर त्यांच्या रेडिओवर लागली तेव्हा. मध्ये दोन इतर जाहिराती. गप्पा मारल्या, चहा झाला. अर्ध्या तासाने विचारलं.

सात जणांनी शेवटचं वाक्य म्हणून दाखवलं. एकाने 'साप सोडा, गाडी शोधा' असं म्हटलं, ते मला माझ्यापेक्षा बरं वाटलं क्षणभर. पण 'सोडा' म्हणजे साप पकडलाय असं होतं. संस्थेचं नाव दोघांनाच आठवलं. हे सचिवांना कसं सांगायचं बघते. 'सरकारी' पाच जणांना. हा आकडा मला खुपतोय. निवेदिकेने 'इंजेक्शन'वर जोर दिलाय आणि 'सरकारी' पटकन उरकलंय. तेवढं एक वाक्य पुन्हा मुद्रित करायचं, जोर 'सरकारी'वर. अक्षरं तीच, वेळ तोच.

आजींना भगत आठवला का, विचारलं. "कसला भगत?"

९ जून

नवीन वाक्य जोडून फाइल गेली. संस्थेकडे थोडे पैसे उरलेत, त्यातून दहा सेकंदांची आवृत्ती हवी आहे, त्याच दरात तिप्पट वेळा लागेल म्हणून. तीसमधून दहा कापायचे म्हणजे सगळं थोडं थोडं आखूड करून चालत नाही. काय वाचतं ते बघितलं तर तीन गोष्टी: मुलगी, सरकारी, शेवट.

काठ्यांचा गलका, एक सेकंद. मुलगी : "बाबा, सापाला काय बघता? आईला बघा ना!" निवेदिका : "सरकारी दवाखान्यात न्या. साप शोधू नका. गाडी शोधा." छत्तीस अक्षरं. साडेआठला शब्द संपतात, साडेनऊपर्यंत रिक्षा. संस्थेचं नाव बसत नाही. दहा सेकंदांतही नाव लागतं का, ते स्टेशनला विचारायचं आहे. लागत असेल तर पागोळ्यांसारखा गलकाही जाईल आणि जाहिरात थेट मुलीच्या आवाजाने सुरू होईल.